मागच्या खोलीत ‘5G’ नावाचं वायफाय का पोहोचत नाही

प्रश्न: दादा, आमचं घर चोपडा तालुक्यात आहे. पुढचा भाग जुना धाब्याचा, मागे दोन खोल्या स्लॅबच्या. फायबरचा राऊटर पुढे बैठकीत आहे. एकाच राऊटरची दोन नावं दिसतात, एक साधं आणि एकाच्या शेवटी `5G`. बसवणारा म्हणाला, 5G फास्ट आहे, तेच वापरा. बैठकीत खरंच फास्ट चालतं, पण मागच्या खोलीत मुलीचा क्लास सारखा अडकतो. जास्त स्पीडवाल्याची रेंज कमी कशी? कोणतं लावायचं? आणि मोबाइलवर रेंज नक्की किती आहे ते कसं बघायचं?

उत्तर: ताई, मागच्या खोलीत साधं नाव जोडा आणि मुलीच्या मोबाइलमधून 5G वालं नाव `Forget` करून टाका. ते काढलं नाही तर मोबाइल संधी मिळताच परत त्याच्याकडे जातो. आजच्या क्लासपुरतं एवढं पुरेल. बैठकीतला टीव्ही मात्र 5G वरच राहू द्या.

आधी त्या नावाचा घोळ मिटवू. तुमच्या राऊटरवरचं 5G म्हणजे सिमकार्डाचं फाइव्ह-जी नव्हे. तिथे ५ म्हणजे ५ गिगाहर्ट्झ, लहरी कोणत्या पट्ट्यातल्या आहेत ते सांगणारा आकडा. साध्या नावाखाली २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा चालतो. इंटरनेट दोन्हीवर तेच येतं, तुमच्या प्लॅनचंच. फरक पडतो तो राऊटरपासून मोबाइलपर्यंतच्या दहा-बारा मीटरमध्ये.

जास्त स्पीडवाल्याची रेंज कमी का, याचं एक ठरावीक उत्तर सगळीकडे ऐकू येतं: जास्त फ्रिक्वेन्सीच्या लहरी हवेत लवकर संपतात. घरातल्या अंतरात हवा काही खात नाही. खरी गोष्ट अँटेनात आहे. २.४ गिगाहर्ट्झची एक लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांब असते, ५ ची साधारण साडेपाच. अँटेना लहरीच्या मापाने बनतो, त्यामुळे मोबाइलमधला ५ चा अँटेना लहान असतो आणि लहान अँटेना कमी गोळा करतो. अंगणात पाऊस सगळीकडे सारखाच पडतो, पण परातीत जेवढं पाणी साचतं तेवढं वाटीत साचत नाही. इथे परात आणि वाटीचा फरक जवळजवळ पाचपट आहे, म्हणजे भिंत मध्ये नसतानाही ५ चा सिग्नल साधारण सात डेसिबलने मागे राहतो. काही राऊटर ५ वर जास्त जोराने बोलून यातलं थोडं भरून काढतात, म्हणून एकाच खोलीत हा फरक कमी दिसतो.

दुसरं कारण भिंत. तुमच्या घरात खरा घोळ तोच आहे. धाब्याच्या घराची मातीची भिंत दीड-दोन फूट जाड असते. विटांची असो की मातीची, तिच्यातून जाताना ५ च्या लहरी २.४ पेक्षा जास्त गळतात. शिवाय प्रत्येक भिंतीचं नुकसान आधीच्यावर चढत जातं. एका भिंतीला फरक सोसतो, दुसरीला दिसायला लागतो, तिसरीला नाव यादीतूनच जातं. स्लॅबमधल्या सळया, लोखंडी कपाट, कूलरची पत्र्याची पेटी, अशा ठिकाणी तर दोन्ही पट्टे अडतात.

तिसरं कारण फार थोडे सांगतात. ५ वर स्पीड जास्त मिळतो तो रस्ता रुंद असतो म्हणून. २.४ वर राऊटर बहुधा २० मेगाहर्ट्झ रुंदीचा चॅनल वापरतो, ५ वर ८० चा. पण दार चौपट रुंद उघडलं की धूळही चौपट आत येते. रेडिओत कायम एक बारीक खरखर असते आणि चॅनल चौपट केला की ती सहा डेसिबलने वाढते. मोबाइलला आवाज ऐकू यायचा असेल तर तो त्या खरखरीच्या वर उठला पाहिजे. जवळ असताना आवाज इतका मोठा असतो की खरखर वाढली तरी काही बिघडत नाही. मागच्या खोलीत मात्र त्याच रुंदीचा जाच होतो. जो पट्टा बैठकीत तुम्हाला स्पीड देतो, तोच मागे त्याच कारणाने अडतो.

आता मोबाइलवर बघायचं कसं. वर दिसणारा वायफायचा पंखा विसरा. किती सिग्नलला किती पट्ट्या दाखवायच्या हे प्रत्येक कंपनी आपल्या हिशोबाने ठरवते, त्यामुळे दोन मोबाइल शेजारी धरले तर एकात पूर्ण पंखा आणि दुसऱ्यात एक पट्टी कमी, असं होतं. खरा आकडा डीबीएममध्ये असतो आणि तो उणे असतो. इथेच लोक चुकतात. उणे ४५ हे उणे ८० पेक्षा खूप चांगलं. शून्याच्या जितकं जवळ तितका सिग्नल मोठा. आकडा दहाने खाली गेला की ताकद दहावा भाग उरते, तीनने गेला की निम्मी. म्हणून ६० वरून ७० म्हणजे ‘थोडी कमी रेंज’ नव्हे.

अँड्रॉइडवर हा आकडा बघायला कोणतंही ॲप लागत नाही. सेटिंगमध्ये फोनच्या माहितीत `Build number` असतो, त्यावर सात वेळा टिचकी मारली की `Developer options` उघडतात. त्यात `Enable Wi-Fi verbose logging` चालू करा. मग वायफायच्या यादीत प्रत्येक नावाखाली बारीक अक्षरांची ओळ येते. तिच्यात चार अंकी फ्रिक्वेन्सी असते आणि सिग्नल उण्यात असतो. फ्रिक्वेन्सी `24` ने सुरू झाली तर २.४ चा पट्टा, `5` ने सुरू झाली तर ५ चा. काही कंपन्यांच्या मोबाइलमध्ये ही ओळ दिसत नाही. तिथे `WiFiman` हे फुकटचं ॲप घ्या, लोकेशन चालू ठेवा, नाहीतर ते यादी दाखवणार नाही. आयफोनवर ॲपलचंच `AirPort Utility` घ्या आणि फोनच्या सेटिंगमध्ये त्या ॲपखाली `Wi-Fi Scanner` चालू करा. त्यात `RSSI` म्हणून जो आकडा येतो तो हाच.

मोजताना घाई केली की आकडा खोटा निघतो. अँड्रॉइडच्या नवव्या आवृत्तीपासून ॲपला दोन मिनिटांत चारच वेळा आजूबाजूची नेटवर्कं शोधू देतात. तुम्ही बैठकीतून चालत मागच्या खोलीत आलात तरी यादीत बैठकीतलाच आकडा राहू शकतो. म्हणून खोलीत गेल्यावर अर्धा मिनिट थांबा. मोबाइल हवेत उंच धरू नका. मुलगी जिथे बसते, ज्या उंचीवर मोबाइल टेकवते, तिथेच ठेवा. मग त्याच जागी अंग वळवून मोजा. आपल्या शरीरात पाणी भरपूर, त्यामुळे राऊटरकडे पाठ केली की आकडा पाच-सातने सहज पडतो. तीन-चार आकडे घ्या आणि त्यातला सगळ्यात वाईट धरा. क्लास दार लावून चालत असेल तर दार लावूनच मोजा.

आकड्यांचा माझा हिशोब असा. उणे ५० पर्यंत असेल तर काही बघायचं कारण नाही. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल आणि क्लास निवांत चालतो. उणे ७५ च्या आसपास मेसेज जातात, पान उघडतं, पण व्हिडिओ आपल्या मर्जीने चालतो. उणे ८० च्या खाली नाव दिसेल, जोडलंही जाईल, पण त्यावर काम करायचं नाही.

मागच्या वर्षी यावलजवळ असंच एक घर केलं. रचना तुमच्यासारखीच: पुढे बैठक, मध्ये जाड मातीच्या भिंतीची माजघराची खोली, मागे स्लॅबची खोली. घरातल्या आजीबाई दारातच म्हणाल्या, ‘भाऊ, पोऱ्याना क्लास मधमाच बंद पडी जास.’ प्लॅन ४० एमबीपीएसचा. त्यांच्या नातवाला वाटत होतं कंपनीच स्पीड मारते. मी आधी मोजायला बसलो.

बैठकीत राऊटरपासून तीन मीटरवर २.४ वर उणे ४१ आणि ५ वर उणे ४६ आले. दोन्ही उत्तम, आणि ५ वर प्लॅनचे पूर्ण चाळीस. माजघरात, एक भिंत ओलांडून, २.४ वर उणे ५४ आणि ५ वर उणे ६४. फरक पाचाचा दहा झाला. मागच्या खोलीत, दुसरी भिंत ओलांडल्यावर, २.४ वर उणे ६५ आणि ५ वर उणे ८०. आता फरक पंधराचा. प्रत्येक भिंतीला पाच-पाच डेसिबल जास्त जात होते आणि ते साठत चालले होते. अंतरामुळे होणारी घट दोन्हीकडे सारखीच होते, म्हणून हा वाढता फरक भिंतीचा आहे हे डोळ्यांनी दिसतं.

उणे ८० वर काय होत होतं? २० मेगाहर्ट्झच्या चॅनलला खरखर साधारण उणे ९५ ला असते, ८० च्या चॅनलला उणे ८९ ला. म्हणजे मागच्या खोलीत २.४ चा आवाज खरखरीच्या तीस डेसिबल वर होता आणि ५ चा जेमतेम नऊ. राऊटर अशा वेळी गप्प बसत नाही, तो हळू बोलायला लागतो. बैठकीत मोबाइलवर लिंक स्पीड, म्हणजे मोबाइल आणि राऊटर यांच्यातला वेग, ८६६ दिसत होता, तो मागे ६५ वर आला होता आणि तोही टिकत नव्हता. स्पीड टेस्टला ५ वर कधी वीस तर कधी पाच, आणि अपलोड दोनच्या आसपास. २.४ वर लिंक स्पीड १४४ आणि डाउनलोड सरळ चौतीस-पस्तीस. प्लॅनच चाळीसचा असताना ८६६ चा आकडा मागच्या खोलीत कशाला हवा होता?

अपलोड दोनच का, हे नीट समजून घ्या, कारण क्लास तिथेच अडकतो. मोबाइलवर दिसणारा आकडा फक्त राऊटरचा आवाज आपल्याला किती ऐकू येतो ते सांगतो. मोबाइल परत बोलतो तेव्हा त्याची ताकद राऊटरपेक्षा कमी असते, बॅटरी छोटी असते. म्हणून सर दिसतात, ऐकू येतात, आणि मुलीचा आवाज मात्र तिकडे तुटत जातो. राऊटरची ताकद वाढवून हे सुटत नाही. राऊटर मोठ्याने ओरडला म्हणून त्याला आपलं बोलणं जास्त ऐकू येणार नाही. बाजारात ‘लांब रेंजचा’ म्हणून चार दांड्यांचा राऊटर घेऊन लोक फसतात ते याच जागी.

त्या घरात दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं होतं. राऊटरमध्ये ही सोय `Smart Connect` किंवा `Band Steering` या नावाने असते. कल्पना चांगली आहे, मोबाइल स्वतः योग्य पट्टा निवडेल अशी. पण मोबाइल एकदा ५ ला चिकटला की लवकर सोडत नाही. आयफोन उणे ७० च्या खाली गेल्यावर दुसरा पर्याय शोधायला लागतो, असं ॲपलनेच लिहिलेलं आहे. बाकीचे आपापल्या मर्जीने. नातू बैठकीत जोडला जायचा, बोलत बोलत मागे जायचा, आणि उणे ८० वर तसाच लटकत राहायचा. मी ती सोय बंद केली, दोन नावं वेगळी केली आणि मागच्या मोबाइलमधून ५ चं नाव पुसलं. २.४ चा चॅनल ऑटोवर होता. शेजारचे दोन राऊटर ६ वर बसले होते, म्हणून ११ दिला आणि रुंदी २० वर बांधून टाकली. १, ६ आणि ११ हेच तीन चॅनल एकमेकांवर चढत नाहीत. मध्येच ३ किंवा ८ दिला तर दोन्ही बाजूंचा त्रास घ्यावा लागतो.

यानंतरही राऊटरची जागा मला खटकत होती. तो बैठकीच्या कोपऱ्यात, लोखंडी कपाटाच्या मागे, जमिनीपासून हातभर उंचीवर होता. फायबरची तार होती तेवढीच होती, पण तिच्यात दीड मीटर ढील निघाली. राऊटर कपाटाच्या पुढे आणून दाराच्या चौकटीच्या उंचीवर टांगला. बैठकीचं, माजघराचं आणि मागच्या खोलीचं दार एका रेषेत होतं, त्यामुळे सिग्नलला भिंतीऐवजी दारातून वाट मिळाली. मागे २.४ चा आकडा ६५ वरून ५८ वर आला आणि ५ चा ८० वरून ७१ वर. खर्च शून्य. फायबरची तार स्वतः ओढू मात्र नका. ती करकचून वाकवली की आतली काच तुटते आणि राऊटरवर लाल दिवा लागतो.

२.४ नेहमीच बरा, असं मी म्हणत नाही. जळगाव-भुसावळच्या अपार्टमेंटमध्ये वीस-वीस राऊटर २.४ वर एकमेकांच्या बोलण्यात बोलतात. तिथे उणे ५० चा सुंदर आकडा असूनही रात्री नऊला स्पीड बसतो. आकडा सिग्नलचा मोठेपणा सांगतो, गर्दी सांगत नाही. सिग्नल चांगला आणि तरी चालत नाही असं दिसलं, की गर्दी समजायची आणि ५ कडे जायचं. भिंतीत कमी घुसतं म्हणून तिथे ५ उलट सोयीचं ठरतं, शेजाऱ्याचं आपल्याकडे येत नाही. सकाळी अकरा आणि रात्री नऊ, दोन्ही वेळा स्पीड टेस्ट करा. आकडा तोच आणि रात्री स्पीड निम्म्याने कमी, असं झालं तर एकदा राऊटरला केबल लावून लॅपटॉपवर तपासा. केबलवर पूर्ण येत असेल तर हवेतली गर्दी, केबलवरही पडत असेल तर कंपनीची लाइन.

पाण्याचं एक उदाहरण आपल्याच भागातलं सांगतो. रावेरकडे एका शेतकऱ्याच्या घरावरून शेतातल्या पंपघरापर्यंत मी ५ चा दुवा लावून दिला होता. मृगबाग नुकतीच लावलेली, केळी गुडघ्याएवढी, समोर सगळं मोकळं. आकडा उणे ५८. डिसेंबरात फोन आला, पंपघरावरचा कॅमेरा दिसत नाही. गेलो तर उणे ७९. यंत्र ठीक, तार ठीक. मध्ये माणसाच्या दीडपट उंचीची बाग उभी होती, आणि केळीचं पान म्हणजे पाण्याने भरलेला पडदा. पंपघरावर पाइप उभा करून अँटेना पानांच्या वर नेला तेव्हा आकडा परत साठवर आला. दुवा लावताना मी पिकाची पुढची उंची धरायला हवी होती, ती चूक माझीच.

तुमच्या मातीच्या भिंतीलाही हाच नियम लागतो. आज कोरडी असताना मोजाल तो आकडा पावसाळ्यात ओल धरल्यावर खाली जाईल. म्हणून आज मागच्या खोलीत २.४ वर उणे ६० च्या आसपास आलं तर निश्चिंत राहा. उणे ७० आलं तर श्रावणात क्लास परत अडकेल, असं धरून आत्ताच सोय करा.

ती सोय म्हणजे भिंतीला वळसा घालणं. रिपीटर घेऊ नका, विशेषतः मागच्या खोलीत लावायला. तो जिथे स्वतःलाच उणे ८० मिळतं तिथे बसून तेच अर्धवट पुढे वाटतो. त्यापेक्षा बैठकीतून मागे कॅट-६ ची केबल न्या, वीस-पंचवीस मीटर पुरते, आणि घरातला जुना राऊटर तिथे लावा. जुन्या राऊटरला आधी लॅपटॉप जोडून त्याचा पत्ता `192.168.1.2` करा. तुमचा मुख्य राऊटर `192.168.1.1` वर असेल असं धरून हे सांगतोय, दुसरा असेल तर त्याचे पहिले तीन आकडे तसेच ठेवून शेवटचा आकडा मोकळा असेल तो द्या. मग जुन्या राऊटरमधली पत्ते वाटणारी `DHCP` ची सोय बंद करा, आणि बैठकीतून आलेली केबल `WAN` मध्ये न घालता `LAN` च्या भोकात घाला. दोन गोष्टी चुकतात त्या याच. `DHCP` चालू राहिला तर दोन राऊटर एकाच घरात पत्ते वाटत बसतात, आणि मग कुणाचा मोबाइल जोडलेला दिसूनही नेट चालत नाही. दुसऱ्या राऊटरचा २.४ चा चॅनल मुख्य राऊटरपेक्षा वेगळा ठेवा, तिकडे १ असेल तर इकडे ११. तो जुना राऊटर ५ चाही असेल, तर मुलगी आपल्या खोलीत बसून बैठकीसारखाच 5G वापरू शकेल, कारण तेव्हा तिच्या आणि राऊटरच्या मध्ये भिंतच नसेल.